मेणबत्तीमागून सत्तूर

दोन मुलं समोरासमोर उभी राहतात आणि हात वर धरून कमान करतात. त्याआधी दोघांनी बाजूला जाऊन कुजबुजत ठरवलेलं असतं, एक संत्रं आणि एक लिंबू. बाकीची मुलं एकमेकांचे कपडे मागून धरून रांगेनं त्या कमानीखालून जातात, वळसा घालून परत येतात, पुन्हा खालून जातात. गाणं चालू असतं. शेवटच्या शब्दाला कमानीचे हात धप्पकन खाली येतात आणि जो कोणी त्या क्षणी खाली असेल तो अडकतो.

लंडनच्या घंटांचं हे गाणं इंग्लंडमधल्या मुलांच्या तोंडी अनेक पिढ्या आहे. इंग्रजी उच्चार तसेच ठेवून ते असं:

ऑरेंजेस अँड लेमन्स,
से द बेल्स ऑफ सेंट क्लेमेंट्स.
यू ओ मी फाइव्ह फार्दिंग्ज,
से द बेल्स ऑफ सेंट मार्टिन्स.
व्हेन विल यू पे मी,
से द बेल्स ऑफ ओल्ड बेली.
व्हेन आय ग्रो रिच,
से द बेल्स ऑफ शोरडिच.
व्हेन विल दॅट बी,
से द बेल्स ऑफ स्टेप्नी.
आय डू नॉट नो,
सेज द ग्रेट बेल ऑफ बो.
हिअर कम्स अ कँडल टु लाइट यू टु बेड,
अँड हिअर कम्स अ चॉपर टु चॉप ऑफ युअर हेड.

संत्री आणि लिंबं, म्हणतात सेंट क्लेमेंटच्या घंटा. माझे पाच फार्दिंग देणं लागतोस, म्हणतात सेंट मार्टिनच्या. कधी देणार, विचारते ओल्ड बेली. श्रीमंत झालो की, म्हणते शोरडिच. ते कधी, विचारते स्टेप्नी. मला काय ठाऊक, म्हणते बोची थोरली घंटा. आणि मग एकाएकी: ही आली मेणबत्ती तुला झोपायला न्यायला, आणि हा आला सत्तूर तुझं डोकं उडवायला.

बारा ओळी गंमत आणि दोन ओळी धमकी. हे वळण कसं घडतं, ते कुठून आलं आणि त्यातून काय कळतं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. बहुतेक लेख तिसऱ्या प्रश्नावर थेट उडी मारतात आणि फाशी, शिरच्छेद, आठव्या हेन्रीच्या राण्या असं काहीबाही सांगून मोकळे होतात. मी आधी ओळी कशा चालतात ते बघणार आहे, कारण उत्तर बरंचसं तिथेच आहे.

पहिल्या भागात अर्थाला फारसं कोणी विचारत नाही. तिथे राज्य यमकाचं. क्लेमेंट्सला लेमन्स जुळतं म्हणून लिंबं आली, मार्टिन्सला फार्दिंग्ज, बेलीला पे मी, शोरडिचला रिच, स्टेप्नीला दॅट बी. बो हे नाव इंग्रजीत 'नो' शी जुळतं, म्हणून त्या थोरल्या घंटेच्या वाट्याला 'ठाऊक नाही' आलं. देवळाचं नाव आधी ठरलेलं आणि त्याला शोभेल ती वस्तू किंवा वाक्य मागून चिकटवलेलं. थेम्सच्या धक्क्यावर लिंबूवर्गी फळं उतरत म्हणून क्लेमेंटला लिंबं मिळाली, असंही सांगतात. स्ट्रँडवरचं सेंट क्लेमेंट डेन्स आणि ईस्टचीपचं सेंट क्लेमेंट ही दोन्ही देवळं या मानावर हक्क सांगतात. असेलही तसं. पण यमक नसतं तर धक्क्यावरचा सगळा माल उतरूनही लिंबू गाण्यात शिरलं नसतं.

या भागाची दुसरी खूण म्हणजे 'से द बेल्स ऑफ'. प्रत्येक बोलणं कोणाचं ते लगेच सांगितलं जातं. 'तू' आणि 'मी' हे शब्द येतात, पण ते दोन घंटांमधले. एक घंटा दुसरीकडे पैसे मागते, दुसरी टाळाटाळ करते. कमानीखालून जाणाऱ्या मुलाचा त्यात काही संबंध नाही. ते नुसतं कानोसा घेतंय, शहरभर चाललेलं भांडण ऐकतंय.

आता शेवटच्या दोन ओळी. 'से द बेल्स' गायब झालं. हे कोण बोलतंय? घंटा नाहीत, कारण देवळाचं नाव नाही. कोणीच सांगत नाही. बोलणारा अंधारात गेला आणि ज्याच्याशी बोललं जातंय तो उजेडात आला. तो 'तू' म्हणजे आता कमानीखाली असलेलं मूल. आतापर्यंत ऐकणारं मूल एका शब्दात गाण्याच्या आत ओढलं गेलं. माझ्या मते धमकीची खरी जागा इथे आहे, सत्तुरात नाही. सत्तूर यायच्या एक ओळ आधी, मेणबत्तीपाशीच, सर्वनामानं मुलाचा खांदा धरलेला असतो.

शिवाय मेणबत्तीची ओळ किती मऊ आहे पाहा. दिवे नसलेल्या घरात रात्री मोठं माणूस हातात मेणबत्ती घेऊन मुलाला वरच्या खोलीत झोपवायला नेई. दिवसातल्या सगळ्यात सुरक्षित घटनांपैकी ती एक. पुढची ओळ त्याच साच्यात ओतलेली आहे: 'हिअर कम्स अ' तेच, त्यानंतर एक वस्तू, त्यानंतर ती वस्तू तुझं काय करणार ते. कँडलच्या जागी चॉपर, लाइटच्या जागी चॉप, बेडच्या जागी हेड. वाक्यरचनेत बदल नाही, आवाज चढवायची गरज नाही. ज्या हातानं पांघरूण घातलं त्याच हातात आता दुसरं काही आहे, आणि वाक्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. बेड ऐकताच इंग्रजी कान पुढच्या यमकाची वाट पाहू लागतो, आणि हेड आल्यावर ते भयंकर असूनही बरोबर वाटतं, कारण कानाला तेच हवं होतं.

ठेकाही बदलतो. घंटांच्या ओळी आखूड आहेत, दोन-दोन आघातांच्या, आणि पुष्कळशा हलत्या, बिनजोराच्या अक्षरावर संपणाऱ्या: लेमन्स, फार्दिंग्ज, बेली. घंटा हेलकावे खाऊन थांबते तशा. शोरडिचपासून शेवट ठाम होऊ लागतात, आणि बोची थोरली घंटा साहजिकच सावकाश, खालच्या आवाजात म्हटली जाते. गाणं जवळजवळ थबकतं. तिथून मेणबत्तीची ओळ सुटते ती एकदम दुप्पट लांबीची, चार आघातांची, आणि बेड, हेड अशा ठोस अक्षरावर आपटणारी. मोठ्यानं म्हणून पाहा. इंग्रजी फारसं येत नसलं तरी पायऱ्या उतरताना शेवटची पायरी अंदाजापेक्षा खोल निघाल्यासारखं वाटेल.

मग हे वळण कवीनं योजून केलं का? इथे जुने पाठ कामाला येतात.

हे गाणं छापील रूपात पहिल्यांदा सापडतं ते 1744 च्या सुमाराला लंडनमध्ये निघालेल्या 'टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक' या मुलांसाठीच्या चिमुकल्या पुस्तकात. त्यात 'म्हणतात घंटा' नाही, 'वाजवा घंटा' आहे. सुरुवात व्हाइटचॅपलपासून होते, दोन काठ्या आणि एक सफरचंद अशी. मग ऑल्डगेटचा टकल्या म्हातारा येतो, पांढऱ्या एप्रनमधल्या पोरी येतात, आणि संत्री-लिंबं थेट चौथ्या क्रमांकावर. त्यानंतर पैशांचा संवाद. कधी देणार? ओल्ड बेली. श्रीमंत झालो की. फ्लीट डिच. ते कधी? स्टेप्नी. आणि शेवट: म्हातारा झालो की, सेंट पॉल. बस्स. मेणबत्ती नाही, सत्तूर नाही. ऋणको धनकोला अंगठा दाखवून निघून जातो आणि गाणं हसत संपतं. 'संत्री आणि लिंबं' या नावाचं एक नृत्य त्याही आधी, 1665 च्या एका नृत्यपुस्तकात आहे, पण तिथे शब्द नाहीत, म्हणून त्यावरून काही ठरवता येत नाही.

पुढच्या काळातला लांबलचक पाठ तर देवळांची जंत्रीच आहे. त्यात सेंट जाइल्सच्या विटा-कौलं आहेत, सेंट पीटरचे पॅनकेक, सेंट जॉनचे चिमटे आणि सळया, सेंट अ‍ॅनची किटली आणि तवे. सेंट मार्टिनच्या घंटा तिथे नुसतं 'हाफपेन्स अँड फार्दिंग्ज' म्हणतात. ती निव्वळ सुटी नाणी आहेत, कोणाचं देणं नाही. देणं येतं ते बरंच पुढे, सेंट हेलनच्या घंटांकडून, आणि ते दहा शिलिंगांचं. त्या काळच्या हिशेबानं पेनीला चार फार्दिंग आणि शिलिंगला बारा पेन्स, म्हणजे दहा शिलिंगांचे 480 फार्दिंग झाले. या पाठात कर्ज मोठं आहे, पण ते भांड्याकुंड्यांच्या गर्दीत हरवून जातं.

आज म्हटल्या जाणाऱ्या आखूड पाठात काय झालं पाहा. तवे, चिमटे, विटा, टकल्या म्हातारा सगळे गळाले. उरली एक फळाची ओळ, आणि तिच्यामागोमाग लगेच 'माझे पाच फार्दिंग देणं लागतोस'. सेंट मार्टिनची सुटी नाणी आणि सेंट हेलनचं देणं एकाच ओळीत मिसळलं. रक्कम 480 वरून 5 वर आली, सव्वा पेनी, पण गाण्यात तिचं वजन वाढलं, कारण आता दुसरं काही उरलंच नाही. जंत्रीची गोष्ट झाली. फळ, देणं, तगादा, थाप, पुन्हा तगादा, हात वर. इतकं झाल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप एक रिकामी जागा तयार होते: आता पुढे काय? आणि त्या जागेत मेणबत्ती येते.

म्हणजे धमकीची तयारी कोणी एकानं बसून केलेली नाही. मुलांनी आणि पुस्तकं छापणाऱ्यांनी गाणं छाटत छाटत आणलं, आणि छाटल्यावर जे उरलं ते आपसूक तगाद्याचं निघालं. मुळात निरर्थक असलेल्या यमकांनी एक अर्थ धरला. त्यात थोडा हात शहराच्या नकाशाचाही आहे. 'पे मी' बेलीला जुळतं हे खरं, पण ओल्ड बेली म्हणजे न्यायालयाची जागा, आणि शेजारच्या न्यूगेट तुरुंगात कर्जबुडवेही डांबत. 1744 च्या पाठात 'श्रीमंत झालो की' म्हणणारी घंटा फ्लीट डिचची आहे, आणि त्या नाल्याकाठचा फ्लीट तुरुंग कर्जदारांसाठी कुप्रसिद्ध होता. त्या काळच्या लंडनकराला हा विनोद नुसता यमकाचा वाटला नसणार. तुरुंगाच्या दारात उभं राहून 'श्रीमंत झालो की देतो' म्हणणं यात त्याला कडू हसू आलं असेल.

इथे लोकप्रिय स्पष्टीकरणाला न्याय द्यायला हवा, कारण ते साफ निराधार नाही. ओल्ड बेलीच्या घंटा म्हणजे समोरच्या सेंट सेपल्कर देवळाच्या घंटा असं मानतात. रॉबर्ट डाउ नावाच्या व्यापाऱ्यानं 1605 साली या देवळाला 50 पौंड दिले, ते एका विचित्र कामासाठी. फाशीच्या आदल्या मध्यरात्री देवळाच्या माणसानं न्यूगेटच्या कोठडीबाहेर जाऊन हातघंटा वाजवायची आणि काही ओळी म्हणायच्या. कोठडीत पडलेल्या सर्वांनो, तयारी करा, उद्या मरायचं आहे, अशा आशयाच्या. ती हातघंटा आजही देवळात काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. रात्र, घंटा, मेणबत्तीचा उजेड घेऊन येणारा माणूस, उद्याचा मृत्यू आणि थेट 'तुम्ही' म्हणून केलेलं संबोधन. हे सगळं एकत्र पाहिलं की अंगावर काटा येतो आणि वाटतं, सापडलं!

पण तपासून पाहिलं की शिवण उसवते. न्यूगेटच्या कैद्यांना फाशी देत, त्यांचं डोकं उडवत नसत. शिरच्छेद हा बड्या सरदारांचा मान, तो टॉवर हिलवर व्हायचा, आणि ब्रिटनमधला अशा प्रकारचा शेवटचा शिरच्छेद 1747 सालचा, लॉर्ड लोव्हॅटचा. कर्ज बुडवणाऱ्याला तर कोणीच मारत नसे. त्याला डांबून ठेवत, कारण मेलेला माणूस पैसे फेडत नाही. सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे काळ. डाउची देणगी 1605 ची. गाण्याच्या मुळाशी ती आठवण असती तर 1744 च्या पाठात तिचा काही तरी माग दिसायला हवा होता. तिथे घंटा आहेत, ओल्ड बेली आहे, कर्ज आहे, आणि नेमक्या त्या दोन ओळी नाहीत. आठव्या हेन्रीच्या राण्यांची आणि नरबळीची उपपत्ती याच खड्ड्यात पडते. हेन्री वारला 1547 साली. त्याच्या राण्यांची आठवण जवळजवळ दोनशे वर्षं गाण्यातून गायब राहिली आणि नंतर अचानक उगवली, हे मानणं जड आहे.

शब्दही तपासा. चॉपर म्हणजे जल्लादाची कुऱ्हाड हा पहिला अर्थ नव्हे. ते खाटकाच्या ओट्यावरचं, स्वयंपाकघरातलं रुंद पात्याचं हत्यार, आपल्याकडचा सत्तूर. काही ठिकाणच्या पाठात त्याऐवजी हॅचेट येतं, म्हणजे सरपण फोडायची हातकुऱ्हाड. मेणबत्ती घरातली, बिछाना घरातला, सत्तूरही घरातला. राज्यसत्तेचं, चौथऱ्याचं, जल्लादाचं इथे काहीच नाही. मुलाला रोज दिसणाऱ्या वस्तूंतूनच भीती घडवली आहे, आणि म्हणूनच ती इतकी जवळ येते.

मग त्या ओळी आल्या कुठून? माझं उत्तर साधं आहे: कमानीतून. अ‍ॅलिस गॉम यांनी 1894 आणि 1898 साली दोन खंडांत ब्रिटनमधले पारंपरिक खेळ नोंदवले. त्यात या गाण्याचे गावोगावचे पाठ आहेत, मेणबत्ती आहे, डोकं उडवणं आहे, आणि सोबत खेळ कसा खेळतात तेही आहे. कमानीच्या खेळाला एका गोष्टीवाचून चालत नाही. हात कधी पडणार याची खूण लागते, आणि ती खूण सगळ्यांना आधीपासून माहीत असूनही दर वेळी धडकी भरवणारी हवी. 'म्हातारा झालो की, सेंट पॉल' या शेवटावर हात पाडून पाहा. पडतील, पण हात का पडले याला गाण्यात काही आधार नाही. 'चॉप ऑफ युअर हेड' वर हात पडतात तेव्हा हातच सत्तूर होतात आणि मान खरोखर त्यांच्यामध्ये असते. शब्द आणि कृती एकाच क्षणी एकमेकांवर येतात. कमान नसती तर या ओळींची गरज पडली नसती. लंडन ब्रिजच्या गाण्यालाही अशीच कमान आहे, आणि तिथेही पकडलेल्याला कोंडायची ओळ आहे. तिथेही पुलाच्या पायात गाडलेल्या नरबळीची कथा विद्वानांनी शोधून काढली, आणि त्यात गॉम यांचाही हात आहे. कमानीकडे पाहिलं असतं तर पायात खणायची गरज नव्हती, असं मला वाटतं. पण खणायचा मोह मोठा असतो.

आपल्याकडे 'आईचं पत्र हरवलं' खेळलेल्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल. गाणं अगदी निरागस, पत्र हरवल्याचं आणि सापडल्याचं. धोका शब्दांत नाही, पाठीमागे फिरणाऱ्या पावलांत आहे. रुमाल आपल्या मागे पडला का, हे चाचपताना पाठीला जे वाटतं ते गाणं सांगत नाही. लंडनच्या खेळात ती भीती शब्दांत उतरली आहे, एवढाच फरक.

खेळाकडे बारकाईनं पाहिलं की धमकीची दुसरी बाजू दिसते. हात पाडणाऱ्या दोघांच्या हाती थोडी सत्ता असते. गाणं संपल्यावर कधी कधी 'चॉप, चॉप, चॉप' असं लांबवलं जातं, आणि नेमकं कोणावर हात पाडायचे ते त्या लांबवण्यात ठरतं. नको असलेलं मूल खालून निसटू दिलं जातं, हवं असलेलं अचूक अडकतं. रांगेतली मुलं हे ओळखून असतात. कोणी कमानीपाशी घुटमळतं, कोणी वाकून पळतं, आणि एखादं मूल मुद्दाम रेंगाळतं, कारण त्याला पकडलं जायचं असतं. पूर्वार्धात कोणी रेंगाळत नाही, कोणी पळत नाही. सगळी एका चालीत जातात. मेणबत्तीचा शब्द आला की रांगेचा आकार मोडतो. स्वर बदलला की नाही हे ओळखायला यापेक्षा चांगली कसोटी नाही. कवितेवर नजर लावण्याऐवजी मुलांच्या पायांकडे पाहावं.

म्हणूनच लहानांना भयानक नको म्हणून कोणी या दोन ओळी गाळल्या तर काय होईल हे आधीच सांगता येतं. गाणं उरेल, खेळ मोडेल. बोची घंटा 'मला ठाऊक नाही' म्हणून थांबेल आणि हात वरच राहतील. मांडीवर घेऊन वाचून दाखवताना मात्र उलटं घडतं. तिथे कमान नाही, हात नाहीत, पकडलं जाणं नाही, उरतात फक्त शब्द. खेळात ज्या धमकीचा शेवट खिदळण्यात होतो ती पुस्तकाच्या पानावर तशीच लटकत राहते. गाणं भयंकर आहे अशी तक्रार मोठ्यांकडून जास्त येते ती यामुळे. त्यांनी ते वाचलेलं असतं. ज्यांनी ते खेळलेलं असतं त्यांना ते वेगळं आठवतं.

कमान काढून घेतल्यावर काय उरतं हे जॉर्ज ऑर्वेलनं नेमकं हेरलं होतं. '1984' या 1949 च्या कादंबरीत हे गाणं जवळपास विसरलं गेलेलं आहे आणि तुकड्यातुकड्यानं परत येतं. जुन्या वस्तूंचा दुकानदार पहिली ओळ आणि शेवट सांगतो, हात पाडून पकडायच्या खेळाचीही आठवण काढतो. नायक विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया, तिला ओल्ड बेलीची ओळ आजोबांकडून आलेली. शोरडिचची ओळ पुरी करतो तो सत्ताधारी पक्षातला बडा अधिकारी ओब्रायन, आणि पुढे तोच छळ करणारा निघतो. गाणं पुरं होत जातं तसा सापळा आवळत जातो. विन्स्टन आणि ज्युलिया पकडले जातात त्या क्षणी मेणबत्ती-सत्तुराच्या ओळी ऐकू येतात, तो आवाज त्याच दुकानदाराचा, आणि तो दुकानदार प्रत्यक्षात पोलिसांचा माणूस असतो. सेंट क्लेमेंटच्या चित्रामागे पाळत ठेवणारा पडदा लपवलेला असतो. मेणबत्ती-सत्तुराच्या ओळींत ऑर्वेलनं एक शब्दही घातलेला नाही. त्यानं फक्त 'तू' म्हणजे कोण आणि बोलणारा कोण, या मोकळ्या ठेवलेल्या दोन जागा भरल्या. खेळात त्या जागी दर डावाला वेगळं मूल येतं. कादंबरीत एकदा कोणी आलं की सुटका नाही.

खेळात मात्र सुटका आहे, आणि ती कुठे आहे याबद्दल गॉम यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं होतं. घटनांचा क्रम त्यांना उलटा वाटला, कारण शिरच्छेद आधी होतो आणि झुंज, म्हणजे दोन बाजूंची ओढाओढ, नंतर. मेलेली माणसं कशी लढणार? या खेळाकडे एखाद्या जुन्या शिक्षेचा अवशेष म्हणून पाहिलं तर हा क्रम खरंच लागत नाही.

कमानीत अडकलेल्या मुलाच्या जागी उभं राहिलं की तो लागतो. हात पडल्यावर त्याचं डोकं उडत नाही. त्याला थोडं बाजूला घेतात आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारतात: संत्रं की लिंबू? ते कानात उत्तर देतं आणि ज्याच्या वाट्याला ते फळ आहे त्याच्या मागे जाऊन कंबर धरून उभं राहतं. आता त्याला गुपित ठाऊक आहे, रांगेतल्यांना नाही. पुढच्या डावात 'तुझं डोकं' म्हणणाऱ्यांत त्याचाही आवाज असतो. रांग आखूड होत जाते, दोन्ही शेपट्या लांबत जातात. शेवटचं मूल पकडलं गेलं की सगळी डोकं उडालेली मंडळी दोन बाजूंना ओढू लागतात, मधल्या दोघांचे हात सुटतात आणि सगळी एकमेकांच्या अंगावर कोसळतात. मग कोणी तरी उठून विचारतं, आता कमान कोणाची?